एडिटनंतर उगवलेलं सहावं बोट: बिघडलेला हात दुरुस्त करण्याचा क्रम

फोंड्यातल्या एका लग्नाच्या अल्बमचं काम माझ्याकडे होतं. चुडा भरून झाल्यावर नवरी वसरीवर बसली आहे, डावा हात मांडीवर पालथा, मनगटावर हिरव्या बांगड्या, आणि हाताला खेटून कोणीतरी ठेवलेली पाण्याची प्लास्टिकची बाटली. बाटली काढायची, एवढंच काम. मी बाटलीभोवती निवड केली, एआय फिल चालवला, बाटली गेली, फोटो पाठवून दिला. तासाभरात नवरीच्या आत्याचा फोन आला: "हें सवें बोट कोणाचें?"

त्यानंतर मी बराच वेळ जो उद्योग केला, तोच बहुतेक जण करतात. बिघडलेला भाग पुन्हा निवडायचा, पुन्हा फिल चालवायचा, आठ-दहा वेळा नशीब आजमावायचं आणि जे त्यातल्या त्यात बरं दिसेल ते ठेवायचं. असा "बरा" हात लांबून चालून जातो, पण छापला की करंगळीला चार पेरं निघतात. हा लेख त्याच फोटोवर आधारलेला आहे. काम करून घेण्याचा क्रम असा: आधी मोजणी, मग सांधे, मग आकार, आणि त्वचा सगळ्यात शेवटी. लोक त्वचेपासून सुरुवात करतात, म्हणून घसरतात.

## तयारी: चार गोष्टी हाताशी ठेवा

पहिली गोष्ट, एडिट करण्याआधीची मूळ फाइल. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली नको, कॅमेऱ्यातली हवी. दुरुस्तीचं निम्मं सामान तिच्यातच असतं. मूळ फोटो सगळ्यात खाली आणि एडिट केलेला त्याच्या वरच्या लेयरवर, असे एकाच फाइलमध्ये बरोबर एकावर एक बसवा. दोन्हींचे पिक्सेल सारखे आहेत का ते पाहा. काही ऑनलाइन टूलं फोटो लहान करून परत देतात, आणि मग काही केल्या काठ जुळत नाहीत.

दुसरी, त्याच प्रसंगाच्या आगेमागे काढलेल्या फ्रेम. लग्नाचा फोटोग्राफर एका क्षणाचे चार-पाच फोटो सहज काढतो. त्यातल्या एखाद्यात तेच बोट, त्याच उजेडात, पूर्ण दिसत असेल तर तुमचं काम दहा मिनिटांचं आहे.

तिसरी, त्याच स्थितीतल्या खऱ्या हाताचा ताजा फोटो. दुसऱ्या फ्रेम उपयोगी पडल्या नाहीत तर हा लागतो. मी माझ्या धाकट्या जावेला खिडकीशी बसवलं, हात मांडीवर तसाच पालथा ठेवायला सांगितला आणि मोबाइलने तीन फोटो काढले. उजेड ज्या बाजूने मूळ फोटोत येतो त्याच बाजूने यायला हवा. आमच्या फोटोत तो राजांगणातून, म्हणजे चित्राच्या उजवीकडून येत होता.

चौथी गोष्ट लोक विसरतात. फोटोतल्या माणसाचा हात मुळात कसा आहे ते विचारा, किंवा मूळ फोटोत नीट पाहा. काहींना जन्मतः सहा बोटं असतात, काहींचं एखादं पेर अपघातात गेलेलं असतं, काहींची करंगळी जन्मापासून आतल्या बाजूला वळलेली असते.

सावधान: मूळ फोटोत जे आहे तो बिघाड नव्हे. तुम्ही एडिटने केलेला बिघाड दुरुस्त करता आहात, माणसाचा हात नव्हे.

## टप्पा १: एडिटने कुठे कुठे हात घातला ते शोधा

वरच्या, म्हणजे एडिट केलेल्या लेयरचा ब्लेंड मोड `Difference` करा. जिथे दोन्ही फोटो तंतोतंत सारखे आहेत तिथे काळं दिसेल आणि जिथे काही बदललं आहे तिथे उजळ. फरक पुसट असेल तर वर एक `Levels` लेयर टाकून उजेड वाढवा.

माझ्या फोटोत अपेक्षा अशी होती की फक्त बाटलीची जागा उजळेल. प्रत्यक्षात अनामिकेचा टोकाकडचा भाग, दोन बांगड्या, साडीच्या काठाची एक पट्टी आणि मागे उभ्या असलेल्या मुलीच्या हाताची बोटंही उजळली. कारण उघड आहे. मी निवड सैल केली होती आणि ती अनामिकेवर चढली होती. मागच्या मुलीचा हात बाटलीच्या झाकणाच्या थेट वर होता, तोही निवडीत सापडला. आत्याला सहावं बोट दिसलं, मुलीच्या हाताला तीनच बोटं उरली होती हे कोणालाच दिसलं नव्हतं.

काही टूलं निवडलेल्या भागापुरती थांबत नाहीत, पूर्ण फोटोच नव्याने घडवतात. तसं असेल तर सगळीकडे हलका धुरकट फरक दिसेल. अशा वेळी दुरुस्ती करत बसण्यापेक्षा मूळ फोटो घेऊन तेवढाच भाग नव्याने एडिट करणं कमी श्रमाचं.

तपासा: उजळलेल्या प्रत्येक ठिकाणी हात, कान, दात किंवा अक्षरं आहेत का? त्यांची यादी कागदावर करा. डोक्यात ठेवाल तर मागच्या मुलीचा हात राहून जाईल.

आता ब्लेंड मोड परत `Normal` करा.

## टप्पा २: मोजणी, पण मनगटापासून

बोटं टोकाकडून मोजू नका. मनगटावर बोट ठेवा, तिथून तळहातावर या आणि प्रत्येक बोटाच्या मुळापर्यंत जा. मग त्याला नाव द्या: अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. ज्याला नाव देता येत नाही ते उपरं. जे नाव उरलं, ते बोट कशाच्या मागे लपलं आहे हे सांगता आलं पाहिजे. "अंगठा पदराखाली आहे" हे उत्तर चालतं. "दिसत नाही, असेल कुठेतरी" हे चालत नाही.

या पद्धतीने दोन चुका टळतात. एक म्हणजे पाच दिसलीच पाहिजेत असा हट्ट. बाजूने दिसणाऱ्या हाताची दोनच बोटं दिसू शकतात आणि तो हात अगदी बरोबर असतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे. पाच मोजून होतात, पण पाचही बोटं सारखीच, तीन-तीन पेरांची, आणि अंगठाच नाही. किंवा दोन्ही टोकांना अंगठे. नुसतं मोजणाऱ्याला हे कळत नाही, नावं देणाऱ्याला लगेच कळतं.

दोन हात एकमेकांत गुंतले असतील, नमस्कारात किंवा हातावर हात ठेवताना, तर प्रत्येक मनगटाचा हिशेब वेगळा करा. एका मनगटाची बोटं हिरव्या ठिपक्यांनी, दुसऱ्याची लाल. बोट कुठल्याच मनगटाकडे पोहोचत नसेल तर ते उपरं आहे, दिसायला कितीही सुंदर असलं तरी.

लगेच डावं-उजवंही पाहून घ्या. स्वतःचा हात त्याच स्थितीत धरा आणि अंगठा कुठल्या बाजूला येतो ते जुळवा. डाव्या मनगटाला उजवा हात जोडून देण्याची एआयला खोड आहे, आणि तिथे बोटं पाचच असल्यामुळे कोणी बघत नाही.

आमच्या नवरीच्या हातात नावं दिल्यावर असं निघालं: अंगठा, तर्जनी, मधलं बोट ठीक. अनामिका मुळाशी ठीक, पण पुढे फुगलेली. तिच्या उजवीकडे एक लांब बोट, त्याच्याही उजवीकडे एक बारीक. सहावं कुठलं? मी आधी धरून चालले की बाहेरचं, बारीक असलेलं. ते पुसलंही. मग सांधे तपासले आणि पुसलेलं परत आणावं लागलं.

## टप्पा ३: सांध्यांचे ठिपके

सगळ्यात वर एक रिकामा लेयर घ्या आणि सांध्यांवर ठिपके द्या. बोटाच्या मुळाचा सांधा, म्हणजे मूठ वळली की जो उंचवटा वर येतो तो, लाल. मधला सांधा पिवळा. नखाजवळचा निळा. चार बोटांना प्रत्येकी तीन ठिपके. अंगठ्याला दोन पेरं असतात, म्हणून त्याला नखाजवळचा एक आणि मुळाचा एक, असे दोनच.

आता ठिपके वाचायचे. चार लाल ठिपके एका हलक्या कमानीवर येतात. मधल्या बोटाचा कमानीच्या माथ्यावर, करंगळीचा सगळ्यात मागे, मनगटाच्या बाजूला. पिवळ्यांची कमानही तशीच, जरा जास्त वाकलेली. बोटं दुमडलेली असली तर कमानी बदलतात, पण शेजारशेजारची बोटं सारखीच दुमडलेली असतील तर ठिपके एका ओळीत राहतात. एखादाच ठिपका ओळीबाहेर पडला तर तिथे शंका घ्या.

पेरांची लांबी मुळापासून टोकाकडे कमी होत जाते. मुळाकडचं पेर सगळ्यात लांब. करंगळीचं टोक, बोटं सरळ जवळ ठेवली असता, साधारण अनामिकेच्या नखाजवळच्या सांध्यापाशी येतं. अंगठा तर्जनीला चिकटवला की त्याचं टोक तर्जनीच्या पहिल्या पेराच्या मध्याच्या आसपास. पालथ्या हातावर मधल्या बोटाची मुळाच्या सांध्यापासूनची लांबी आणि तिथून मनगटापर्यंतचं अंतर जवळपास सारखं असतं. माणसागणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून पट्टी लावून मिलिमीटर मोजू नका. दीडपट फरक मात्र डोळ्यांना दिसतो, आणि एआयची चूक बहुधा तेवढी मोठी असते.

तळव्याच्या बाजूने हात दिसत असेल तर एक गफलत हमखास होते. बोट जिथे तळहाताला मिळतं तिथली आडवी रेघ हाच मुळाचा सांधा असं वाटतं. तसं नाही. खरा सांधा त्याच्या बराच खाली, तळहाताच्या वरच्या आडव्या रेघेजवळ असतो. म्हणून तीच बोटं तळव्याकडून आखूड आणि पालथ्या बाजूने लांब दिसतात. लाल ठिपका त्या बुडाच्या रेघेवर दिलात तर पहिलं पेर आखूड मोजलं जाईल आणि तुम्ही चांगल्या बोटाला बिघडलेलं ठरवाल.

वाकण्याचीही तपासणी करा. मधला आणि नखाजवळचा सांधा तळव्याच्या दिशेनेच दुमडतो, आडवा कधीच वळत नाही. डावी-उजवी हालचाल फक्त मुळाच्या सांध्याला, आणि तीही बोटं सरळ असताना. मधूनच डावीकडे वळलेलं बोट दिसलं की तो बिघाड. नखाजवळचा सांधा किंचित मागे कललेला असणं मात्र चूक नव्हे. पेन दाबून धरताना बऱ्याच जणांचा तसा होतो.

शेवटी नखं. हात पालथा असेल तर चारही नखं साधारण एकाच दिशेला, पण अंगठ्याचं नख त्यांच्यापासून बरंच फिरलेलं. पाचही नखं एकाच पातळीत सरळ आपल्याकडे पाहत असतील तर अंगठा बनावट आहे. आणि एकाच बोटावर नख आणि तळव्याकडची रेघ दोन्ही समोर दिसत असतील तर बोट कुठेतरी पिळलं गेलं आहे.

आमच्या फोटोत ठिपके दिल्यावर कोडं सुटलं. उजवीकडच्या त्या लांब बोटाला लाल ठिपकाच देता येईना. ते अनामिकेच्या मधल्या सांध्याजवळून फुटलं होतं. बाहेरचं बारीक बोट मात्र थेट मुळाच्या सांध्याला जात होतं, कारण तेवढा भाग मूळ फोटोतलाच होता. म्हणजे बाहेरची खरी करंगळी आणि आतलं उपरं. बाटलीची उभी कडा जिथे होती नेमकं तिथेच ते उपरं बोट होतं. निवडीच्या आत राहिलेल्या अनामिकेच्या कापलेल्या काठाला यंत्राने बोटाची सुरुवात समजून पुढे वाढवलं होतं.

सावधान: सहावं बोट नेहमी कडेचं असतं असं धरू नका. ज्याला मुळाचा सांधा नाही ते सहावं.

## टप्पा ४: मुळात जे आहे ते आधी परत आणा

काहीही नव्याने घडवण्यापूर्वी, एडिट केलेल्या लेयरला मास्क लावा आणि जिथे मूळ फोटोत खरं बोट स्वच्छ दिसतं तिथे काळ्या ब्रशने मास्क रंगवून मूळ उघडा करा. ब्रशची कड फार मऊ नको, बोटाच्या काठाच्या धारेइतकीच मऊ. फार मऊ ब्रशने दोन्ही फोटोंचे काठ एकमेकांत मिसळतात आणि बोटाला दुहेरी कड दिसते.

आमच्या हाताची अंगठ्यापासून अनामिकेपर्यंतची चारही बोटं अशीच परत आली. मागच्या मुलीचा हातही. राहिली करंगळी. ती मधल्या सांध्यापर्यंत मूळ फोटोत होती, पुढचा भाग बाटलीमागे.

इथे एक गोष्ट समोर आली. मूळ परत आणलं की मूळची सावलीही परत येते. उजेड उजवीकडून, बाटली उजवीकडे, तिच्या लेबलची सावली अनामिकेवर पडलेली. बाटली नाही पण सावली आहे, असा प्रकार. ती पट्टी `Curves` लेयरने उजळावी लागली, मास्क फक्त त्या पट्टीपुरता ठेवून. शेजारच्या, सावलीबाहेरच्या त्वचेचा रंग समोर ठेवून उजळा. सावलीतली त्वचा नुसती काळी नसते, तिचा रंगही थोडा निळसर झालेला असतो, म्हणून निळा किंचित कमी करावा लागतो.

तपासा: एवढं करून हात पूर्ण झाला का? झाला असेल तर पुढचे दोन टप्पे सोडून द्या. माझ्या अनुभवात बहुतेक बिघाड इथेच संपतात, आणि तरी लोक इथे न थांबता फिलचं बटण दाबत राहतात.

## टप्पा ५: उपरं बोट काढा आणि खऱ्याचा कच्चा आकार रंगवा

हे दोन्ही एकदम करू नका. आधी उपऱ्या बोटाच्या जागी जे असायला हवं ते भरा, म्हणजे मागची साडी. साडीचा तोच पोत शेजारी असेल तर `Clone Stamp` पुरे. बोट जाऊन मागे सलग साडी दिसली पाहिजे, बोटाचा एकही तुकडा उरता कामा नये. नखाचा एवढासा गुलाबी ठिपका राहिला तरी पुढच्या टप्प्यात यंत्र त्याच्यापासून पुन्हा बोट उगवतं.

मग वेगळ्या लेयरवर करंगळीचं उरलेलं टोक रंगवा. चित्रकला येत नसली तरी चालतं, कारण हा आकार फक्त यंत्राला वाट दाखवण्यासाठी आहे. अनामिकेवरूनच तीन रंग उचला: उजेडाकडचा, मधला आणि सावलीचा. करंगळीचा पिवळा ठिपका आधीच माहीत आहे. निळा ठिपका पिवळ्यांच्या कमानीला समांतर द्या, टोक अनामिकेच्या निळ्या ठिपक्यापर्यंत आणा. आता दोन आखूड नळकांडी जोडल्यासारखा आकार भरा. उजवीकडे उजळ पट्टी, डावीकडे गडद, सांध्यावर किंचित जाड, टोकाला निमुळतं. नखासाठी एक फिकट लंबगोल. जावेच्या हाताचा फोटो शेजारी उघडा ठेवला होता, म्हणून नख किती तिरकं दिसायला हवं ते कळलं.

जावेच्या करंगळीचा तुकडाच कापून का नाही लावला? लावून पाहिला. तिची त्वचा, बोटाची जाडी, मोबाइलची धार, काहीच जुळेना. स्थिती समजण्यासाठी दुसऱ्याचा हात उत्तम, बोट उसनं घेण्यासाठी त्याच माणसाचा.

फोटो लहान करून पाहा. कच्चं बोट लांबून बोटासारखं वाटलं पाहिजे. इथे लांबी चुकली असेल तर पुढे ती सुधारत नाही.

## टप्पा ६: आता यंत्राला काम द्या, पण थोडंच

इथे अशी सोय लागते ज्यात रंगवलेला आकार किती पाळायचा हे सांगता येतं. मी स्टेबल डिफ्यूजन हे चित्र घडवणारं मॉडेल AUTOMATIC1111 या प्रोग्रॅममधून चालवते, त्यातल्या `img2img` मधला `Inpaint` वापरते. ज्या टूलमध्ये अशी सोयच नसते ते निवडलेलं सगळं पुसून नवं घडवतं, मग टप्पा ५ची मेहनत वाया जाते. तिथे हाताने रंगवूनच शेवट गाठावा, असं माझं मत.

मास्क कच्च्या टोकावर आणि त्याच्या काठाबाहेर थोडासा. अनामिकेला शिवू नका, मूळ दुखणं तिथूनच सुरू झालं होतं. सेटिंग अशी:

```
Masked content: original
Inpaint area: Only masked
Only masked padding, pixels: 96
Mask blur: 6
Denoising strength: 0.42
Batch count: 4
```

`Only masked` का, हे समजून घेण्यासारखं आहे. हे मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही. आधी ते चित्र आक्रसून घेतं, आठ बाय आठ पिक्सेलचं एक घर होतं. आमचा हात मनगटापासून टोकापर्यंत साधारण ६४० पिक्सेल होता, बोटाची रुंदी ५५-६०, म्हणजे सातेक घरं. पुरेशी. पण मागच्या मुलीचा हात जेमतेम ९० पिक्सेलचा, बोट आठ पिक्सेल. एका बोटाच्या वाट्याला एकच घर! त्यात यंत्र बोटं वेगळी कशी ठेवणार? `Only masked` निवडलं की मास्कभोवतीचा चौकोन आधी मोठा केला जातो, त्यावर काम होतं आणि मग तो लहान करून जागेवर बसवला जातो. `Whole picture` ठेवून लोक लहान हात दुरुस्त करायला जातात आणि दरवेळी झाडूच्या काड्या मिळतात.

मास्कभोवतीची किती जागा त्या चौकोनात घ्यायची हे पॅडिंग ठरवतं, ते मूळचं ३२ असतं. तेवढ्यात यंत्राला फक्त बोटाचं टोक दिसतं, बाकी हात दिसत नाही, आणि मग ते टोकालाच पूर्ण हात समजून त्यावर आणखी बोटं काढू शकतं. शेजारची बोटं तरी चौकोनात आली पाहिजेत. ९६ने भागलं नाही तर वाढवा.

प्रॉम्प्टमध्ये चौकोनात जे दिसणार आहे ते साधेपणाने लिहा:

```
woman's left hand resting palm down on silk sari,
soft side light, photo
```

`five fingers` लिहून किंवा निगेटिव्हमध्ये `extra fingers` घालून फारसं काही होत नाही. बोटं किती हे आकार सांगतो, शब्द नाही.

`Denoising strength`, म्हणजे रंगवलेल्या आकारापासून यंत्राने किती दूर जायचं, हीच खरी किल्ली. माझ्याकडे ०.३ला बोट प्लास्टिकचं राहिलं, जसं रंगवलं तसंच. ०.४२ला त्वचेच्या सुरकुत्या आणि नखाची कड आली. ०.६ला सहावं बोट परत हजर. मॉडेल बदललं की हे आकडे थोडे सरकतात, म्हणून खालून वर जा, ०.०५ने वाढवत. वरून खाली येऊ नका, कारण ०.७ला एखादं देखणं बोट दिसलं की मन त्यात अडकतं आणि ते चुकीचं असल्याचं मान्य होत नाही.

तपासा: चारही निकाल आधी ठिपक्यांचा लेयर चालू करून पाहा. निळ्या ठिपक्यावर सांधा आहे का? मग ठिपके बंद करून त्वचा पाहा. आमच्या चारांपैकी दोघांची करंगळी एक पेर जास्त घेऊन आली होती, आणि त्यातल्या एकाची त्वचा सगळ्यात सुरेख होती. ती टाकली.

निवडलेला निकाल वेगळ्या लेयरवर आणा आणि मास्कने फक्त बोटापुरता ठेवा. आजूबाजूला यंत्राने साडीचे धागे बदललेले असतात, ते नकोत.

## टप्पा ७: हाताला चिकटलेल्या गोष्टी

बोट झालं तरी बोटाखालची सावली राहते. साडीला टेकलेल्या बोटाच्या डाव्या कडेला बारीक, गडद रेघ हवी, टेकलेल्या ठिकाणी सगळ्यात गडद आणि लांब जाताना विरणारी. ती नसेल तर बोट तरंगतं आणि पाहणाऱ्याला काहीतरी चुकलं आहे असं वाटत राहतं, काय ते सांगता येत नाही.

बांगड्या मूळ फोटोशी मोजून जुळवा. आमच्याकडे एडिटमध्ये दोन बांगड्या एकमेकींत वितळल्या होत्या, मास्कने मूळ परत आणल्या. मेंदी असेल तर नव्या बोटावर यंत्राला नक्षी काढायला लावू नका. दुसऱ्या फ्रेममधून उचला. तेही नसेल तर नवरीच्या घरच्यांना विचारून करंगळीच्या टोकाचा रंग तेवढा ठेवा. आमच्या नवरीच्या बोटांची टोकं मेंदीने सलग रंगलेली होती, म्हणून एका रंगाच्या थराने भागलं.

## टप्पा ८: कण जुळवणं आणि शेवटची मोजणी

यंत्राने केलेली त्वचा गुळगुळीत येते, कॅमेऱ्याच्या फोटोत मात्र कण असतात, विशेषतः घराच्या आतल्या उजेडात. १०० टक्के झूम करून अनामिका आणि करंगळी शेजारी शेजारी पाहा. करंगळीवर `Add Noise` ने थोडे कण टाका. जुळले की थांबा. कण शेवटीच टाकायचे, आधी टाकले तर उजेडाच्या दुरुस्तीत तेही उजळतात-काळवंडतात.

आता फोटो आडवा उलटा करा. डोळ्यांना सवय झालेली चूक उलट्या चित्रात पटकन दिसते. मग परत सुलट करून ठिपक्यांचा लेयर पुन्हा एकदा चालू करा, आणि टप्पा १ मधल्या कागदावरच्या यादीतलं प्रत्येक नाव खोडा. त्यानंतर ज्या आकारात अल्बममध्ये जाणार आहे त्या आकारात एक प्रिंट काढा. पडद्यावर दिसणारी मऊ कड कागदावर कधी कधी कात्रीने कापल्यासारखी येते.

आणि हार कधी मानायची? मूळ फोटोत बोटांचा बहुतेक भाग झाकलेला असेल, दुसरी फ्रेम नसेल आणि हात १०० पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर पदराची एक घडी त्यावर आणून हात झाकणं किंवा फ्रेम कापणं जास्त प्रामाणिक. नाहीतर बाटली परत ठेवा. एका फोटोत मी तसंच केलं, फक्त बाटलीवरचं लेबल पुसून, आणि कोणाचा फोन आला नाही.

नवरीच्या आत्याला दुरुस्त फोटो पाठवला तेव्हा त्यांनी झूम करून बोटं मोजली असणार, कारण उत्तर यायला दहा मिनिटं लागली. उत्तर एका आकड्याचं होतं: ५.